छपराचं, अंगणाचं आणि डोंगराचं पाणी

कोकणात जुलै अर्धा सरला की बऱ्याच घरांच्या मागच्या खोलीत एक ठरावीक वास सुटतो. भिंतीचा खालचा हातभर भाग काळवंडतो, रंगाचे पोपडे सुटतात, लादीच्या सांध्यांतून ओल वर येते आणि कपाटामागे बुरशी धरते. गणपती जवळ आले की घरातल्या भिंतीला वॉटरप्रूफ प्लास्टर मारून घेतलं जातं. पुढच्या पावसात ओल त्या प्लास्टरच्या वरच्या कडेने पुन्हा डोकं काढते. ते प्लास्टर भिंतीच्या आतल्या अंगाला असतं आणि पाणी तर बाहेरून पायाशी पोचलेलं असतं, त्यामुळे दुसरं काही होण्यासारखं नसतंच. पाणी पायापर्यंत पोचूच नये ही व्यवस्था बाहेर, घराभोवती करावी लागते. तिला फार खर्च येत नाही. मात्र क्रम पाळावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी चुकतो.

पायाशी येणारं पाणी तीन वाटांनी येतं. एक छपरावरून पडतं, दुसरं अंगणातून किंवा परड्यातून जमिनीवरून वाहत येतं आणि तिसरं डोंगरात मुरून जमिनीखालून झिरपत येतं. पहिल्याला पन्हळ लागते, दुसऱ्याला जमिनीचा ढाळ आणि तिसऱ्याला खडी भरलेला चर. कामंही याच क्रमाने करायची. छपराचं पाणी पायाशी ओतत ठेवून मागे खडीचा चर खणला, तर तो चर जमिनीखालचं पाणी नेण्याऐवजी छपराचं पाणीच जिरवत बसतो.

आपल्या घराला यातलं कोणतं पाणी त्रास देतं, हे ओळखायला यंत्र लागत नाही. जोराची सर चालू असताना छत्री घेऊन घराला एक फेरी मारावी. पागोळ्या कुठे पडतात, जमिनीवर पडलेलं पाणी भिंतीकडे सरकतं की भिंतीपासून दूर जातं, डबकं कोणत्या कोपऱ्यात धरतं, हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं उन्हाळ्यात दिवसभर मोजमाप करूनही कळत नाही. ओलीची वेळही पुष्कळ सांगते. सर आल्यावर तासा-दोन तासांत भिंत ओली होत असेल आणि चार दिवस उघडीप मिळताच सुकत असेल, तर दोष छपराच्या किंवा जमिनीवरच्या पाण्याचा. जूनमध्ये भिंत कोरडी, जुलैच्या मध्यापासून ओली, आणि पाऊस ओसरल्यावरही सप्टेंबरभर तशीच ओली राहत असेल, तर पाणी जमिनीखालून येतं आहे. जांभ्याचे वरचे थर सच्छिद्र असतात. त्यांच्यातून पाणी सहज खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि मग त्या थरावरून उताराकडे सरकू लागतं. सड्याच्या कडेला झरे फुटतात ते याच कारणाने. डोंगर पोखरून घरासाठी सपाटी काढली की तोच ओलावा घराच्या मागच्या बाजूला उघडा पडतो.

पायाशी पाणी इतकं का साचतं याचं आणखी एक कारण बांधकामातच दडलेलं असतं. पाया घालताना लागतो त्यापेक्षा रुंद चर खणतात, चिरे रचून झाले की उरलेल्या फटीत खणलेलीच माती ढकलतात. ही भरती आजूबाजूच्या न हललेल्या जमिनीइतकी घट्ट कधीच होत नाही. तिच्यात पाणी लवकर शिरतं आणि बाजूच्या घट्ट जमिनीमुळे लवकर बाहेर पडत नाही. घराभोवती जणू एक अरुंद हौद तयार होतो. दोन-तीन पावसाळ्यांत ही भरती खाली बसते आणि भिंतीलगतची जमीन बाकीच्या अंगणापेक्षा खोल होते. म्हणजे घर बांधलं त्या वर्षी बाहेरच्या बाजूला असलेला ढाळ काही वर्षांनी आपोआप घराकडे वळतो. मालकाला वाटतं की ओल अलीकडेच सुरू झाली. खरं तर जमीन खचत होती, आणि तिकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी, जांभ्याच्या चिऱ्यांचं, १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. छप्पर दुपाखी, वळचण चारही बाजूंना पाऊण मीटर बाहेर आलेली. मागे तीन मीटरची मोकळी जागा आणि त्यापलीकडे डोंगर पोखरून काढलेली दोन मीटर उंचीची उभी दरड. जमीन मागून पुढे उतरते. पुढचं अंगण मागच्या परड्यापेक्षा १ मीटर २० सेंटिमीटर खाली. मागच्या दोन खोल्यांना ओल येते आणि ती सप्टेंबर संपेपर्यंत हटत नाही.

आधी छप्पर. वळचणीसकट वरून मोजलं तर ते साडेतेरा गुणिले साडेनऊ, म्हणजे सुमारे १२८ चौरस मीटर भरतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे. वर्षाला तीन हजार मिलिमीटर धरले, आणि रत्नागिरीत त्याहून जास्तच पडतो, तर या एका छपरावरून पावणेचार लाख लिटरहून अधिक पाणी खाली येतं. त्यातलं निम्मं मागच्या पाख्यावरून, ओल येणाऱ्या भिंतीपासून जेमतेम पाऊण मीटरवर, एका रेषेत पडतं. आधी घरामागचं झिरपणं शोधायला निघालेल्या माणसाने हा आकडा समोर ठेवावा.

पन्हळीचं माप वर्षाच्या पावसावरून ठरत नाही, मोठ्या सरीवरून ठरतं. ताशी १०० मिलिमीटर या वेगाची सर कोकणात काही मिनिटं सहज टिकते. त्या वेगाला मागच्या ६४ चौरस मीटरवरून मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी उतरतं. चार इंची उभा पाइप अशा सरीत साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी नीट नेऊ शकतो. म्हणजे मागच्या बाजूला एक पाइप कमी पडणार. दोन्ही टोकांना एकेक हवा. पन्हळ सहा इंची अर्धगोल घ्यावी, मधोमध उंच ठेवून दोन्ही टोकांकडे उतरती बसवावी. दोनशेला एक एवढा ढाळ पुरतो, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतच्या पावणेसात मीटरमध्ये साडेतीन सेंटिमीटर. ब्रॅकेट दोन-अडीच फुटांवर हवेत. अंतर वाढलं की पन्हळ पाण्याच्या वजनाने मध्ये झोळते आणि नेमकी तिथूनच भिंतीवर सांडते.

पत्र्याच्या छपराला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कौलावरून पाणी अडखळत येतं, पत्र्यावरून ते वेगाने सुटतं आणि मोठ्या सरीत पन्हळीच्या पलीकडे उडी मारतं. म्हणून पत्र्याची कड पन्हळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच आत आलेली असावी आणि पन्हळीची बाहेरची कड फार खाली नसावी. कौलं काढून पत्रा घातलेल्या घरांत, जुनी पन्हळ तशीच ठेवल्यावर अचानक ओल सुरू होते, तिचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

इथवर बरेच जण करतात. चूक होते ती उभ्या पाइपाच्या पायाशी. पाइप भिंतीच्या कोपऱ्यात उतरवून जोत्यापासून वीतभर अंतरावर मोकळा सोडलेला असतो. छपरभर पसरून पडणारं पाणी आता एका जागी, पायाच्या कोपऱ्यावर, जोराने ओतलं जातं. त्यापेक्षा पन्हळ नसती तर बरं झालं असतं. खाली उतरलेला पाइप जमिनीखालून बंद पाइपाने पुढे न्यायचा आणि भिंतीपासून निदान तीन मीटर दूर, उताराच्या बाजूला सोडायचा. आपल्या घरात दोन्ही पाइप बाजूच्या भिंतींलगत पुढे अंगणाखालच्या वहाळाकडे नेता येतात. हे पाणी साठवायचं असेल तर तेही इथूनच वळवता येतं. झाडं घरावर आलेली असतील तर मृग लागायच्या आधी पन्हळ झाडायची आणि पावसाळ्यात मध्येच एकदा शिडी लावायची, कारण फणसाची दोन-चार पानं पाइपाच्या तोंडावर बसली तरी सगळी पन्हळ भरून वाहते.

दुसरं काम जमिनीच्या ढाळाचं. मातीच्या जमिनीला भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार असावा, म्हणजे मीटरला पाच. कोबा किंवा फरशी असेल तर पाणी अडत नाही, तिथे मीटरला दोन सेंटिमीटर पुरतात. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी घ्यावी. भिंतीशी एक खुंटी, तीन मीटरवर दुसरी, नळीतल्या पाण्याच्या पातळीवर दोन्हीकडे खूण, खुणांना दोरी, आणि दोरीपासून जमीन किती खाली आहे ते टेपने मोजायचं. नुसत्या नजरेवर विसंबू नये. मागे डोंगर चढत गेलेला असला की सपाट जागाही उतरती वाटते आणि घराकडे कललेली जागा सपाट वाटते.

आपल्या घरामागे तीन मीटर मोकळे आहेत आणि त्यानंतर डोंगर. त्यामुळे सगळा उतार बाहेर काढता येत नाही. इथे भिंतीपासून दोन मीटरपर्यंत जमीन १० सेंटिमीटर उतरवायची आणि तिथे भिंतीला समांतर उघडं गटार काढायचं. घराकडचं पाणी आणि दरडीकडचं पाणी दोन्ही त्याच गटारात येऊन बाजूला निघून जाईल. भिंतीलगतची भर चिकणमाती मिसळलेल्या मुरुमाची असावी. ती १५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकायची, थोडं पाणी मारायचं आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. वाळू किंवा बांधकामाचा राडारोडा इथे मुळीच टाकू नये, तो पाणी पुन्हा पायाकडेच पोचवतो. भर घालताना जोतं बुडू द्यायचं नाही. जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान १५ सेंटिमीटर मोकळं दिसलं पाहिजे, नाहीतर ओलसर माती थेट वरच्या भिंतीला टेकते आणि जोत्यावर घातलेला ओलप्रतिबंधक थर फुकट जातो.

पेव्हर ब्लॉकबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण गेल्या काही वर्षांत अंगणाअंगणांत ते आले आहेत. ब्लॉक वरून कितीही छान उतरते दिसले तरी त्यांच्या फटींतून पाणी खाली जातं आणि खालच्या कचेच्या थरात पसरतं. ब्लॉकखालची मूळ जमीन घराकडे उतरती असेल, तर वरचं अंगण कोरडं आणि पाया ओला, असा प्रकार होतो. ढाळ आधी खालच्या ठोकलेल्या जमिनीला द्यायचा, मग कच आणि मग ब्लॉक. शिवाय जुन्या अंगणावरच ब्लॉक बसवल्याने पातळी चार-पाच इंच वर येते आणि जोतं तेवढं बुडतं.

ही दोन कामं झाली की एक पावसाळा थांबायला मी सांगेन. पुष्कळ घरांची ओल एवढ्यानेच जाते आणि खडीचा चर खणावा लागत नाही. आपल्या घराची ओल मात्र सप्टेंबरपर्यंत टिकत होती, म्हणजे तिसरं पाणी तिथे आहेच.

खडीच्या चराला बांधकामवाले फ्रेंच ड्रेन म्हणतात. हेन्री फ्रेंच या अमेरिकी न्यायाधीशाने १८५९ मध्ये शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. त्यामागचं तत्त्व सरळ आहे. पाण्याला घट्ट मातीतून जायला वेळ लागतो, खडीच्या मोकळ्या जागांतून ते लगेच उतरतं. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला पायाच्या अलीकडेच अशी सोपी वाट दिली की ते तिकडे वळतं आणि पायाजवळची पाणीपातळी खाली जाते.

चराची जागा भिंतीला चिकटून नसते. आपल्या घराचा पाया जमिनीखाली ९० सेंटिमीटर आहे असं धरू. चर मागच्या भिंतीपासून दोन मीटरवर, उघड्या गटाराच्याच रेषेत, ४० सेंटिमीटर रुंद आणि घराच्या दोन्ही कोपऱ्यांच्या दोन-दोन मीटर पुढे जाईल असा १६ मीटर लांब घ्यायचा. वरच्या टोकाला खोली ५५ सेंटिमीटर आणि शंभराला एक ढाळ देत खालच्या टोकाला ७१ सेंटिमीटर. तळ पायाच्या तळाच्या वर राहतो, हे महत्त्वाचं. भिंतीलगत आणि पायाहून खोल चर खणला तर पायाखालची माती बाजूला सरकू शकते आणि ओल घालवायच्या नादात भिंतीला तडा मिळतो.

खणायला सुरुवात पाणी सोडायच्या तोंडापासून करायची आणि वर चढत जायचं. तोंड कुठे निघणार हे आधी न ठरवता खणलेला चर म्हणजे लांबट खड्डा. आपल्या घरात खालच्या टोकापासून बंद पाइप बाजूच्या भिंतीकडेने १२ मीटर पुढे न्यायचा. त्याच ढाळाने तो मागच्या परड्याच्या पातळीपासून ८३ सेंटिमीटर खाली पोचतो, आणि पुढची जमीन १२० सेंटिमीटर खाली आहे, म्हणून तो उघड्यावर निघतो. हा हिशेब जुळत नसेल तर ढाळ कमी करून नव्हे, दुसऱ्या बाजूने वाट काढून जुळवावा.

चराला आधी आतून न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, दोन्ही कडांना भरपूर बाहेर ठेवून. ते पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. त्यावर ५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर भोकं पाडलेला चार इंची पाइप. भोकं खालच्या अंगाला ठेवायची. यावर गवंडी हमखास वाद घालतात, कारण पाणी वरून येतं असं वाटतं. प्रत्यक्षात चरात पाणी तळापासून वर चढतं. भोकं खाली असली की ते लवकर पाइपात शिरतं, वर असली तर पाइप निम्मा बुडेपर्यंत तळाचं पाणी तसंच उभं राहतं. पाइप टाकून झाला की खडी भरायच्या आधी वरच्या टोकातून दोन बादल्या पाणी सोडून बघावं. मध्ये कुठे थांबलं तर तिथे तळ उंच राहिला आहे. हे दुरुस्त करायला आता पाच मिनिटं लागतात, नंतर सगळा चर उपसावा लागतो.

खडी काळ्या दगडाची, पाऊण ते दीड इंची, धुतलेली हवी. जांभ्याचे तुकडे भरू नयेत, पाण्यात ते कुजून माती होतात. कच मिसळलेली खडीही नको. वरचे १५ सेंटिमीटर सोडून खडी भरायची, कापडाच्या दोन्ही कडा तिच्यावर दुमडायच्या आणि वर घट्ट माती ठोकून त्यात उघडं गटार सिमेंटने बांधून घ्यायचं. वरचं गटार जमिनीवरचं गढूळ पाणी नेईल, खालचा चर झिरपणारं स्वच्छ पाणी नेईल. दोन्ही एकत्र केली की चर गाळाने भरतो. पन्हळीचा पाइपही या भोकांच्या पाइपाला कधी जोडायचा नाही. मोठ्या सरीत छपराचं पाणी उलट भोकांतून बाहेर पडून जमिनीतच शिरेल. एवढ्या चराला एक ब्रासहून थोडी जास्त खडी लागते, सव्वा ब्रास मागवली तर पुरते. पाइपाच्या वरच्या टोकाला एक उभा तुकडा जोडून झाकण लावून ठेवावं, म्हणजे गाळ साचल्यास पाण्याचा मारा करून धुता येतो. खालच्या तोंडाला जाळी हवीच. खेकडे आणि उंदीर अशा पाइपात हमखास घर करतात.

हे काम एप्रिल-मेमध्ये उरकायचं. उघडा चर पावसात सापडला तर दरडीची माती त्यात उतरते.

पहिल्या पावसाळ्यात लक्ष त्या तोंडावर ठेवावं. झड थांबल्यावरही एक-दोन दिवस तिथून बारीक, नितळ धार येत राहिली तर चर काम करतो आहे. धार सतत गढूळ असेल तर कापड कुठेतरी फाटलं आहे आणि जमिनीखालून माती वाहून जाते आहे. ते तसंच सोडू नये, कारण माती गेली तिथे पोकळी उरते. भिंत ओली आणि तोंड कोरडं असेल तर पाइप तुंबला आहे किंवा पाणी चराच्या तळाहून खोल वाटेने येतं आहे. वरच्या झाकणातून पाणी सोडून पाहिलं की दोन्हींतलं काय ते कळतं. भिंत मात्र लगेच सुकत नाही. चिऱ्यांत मुरलेलं पाणी निघायला एक उन्हाळा जातो, लोणा फुटलेलं प्लास्टर त्यानंतर खरवडून नवं करावं.

काही ओल या कशानेही जात नाही. घराच्या सगळ्या भिंतींना, आतल्या भिंतींनासुद्धा, बाराही महिने एकाच उंचीपर्यंत डाग असेल, तर जमिनीतला ओलावा दगडाच्या छिद्रांतून वर चढतो आहे. निचऱ्याने तो कमी होतो, थांबत नाही. त्याला जोत्याच्या पातळीवर ओलप्रतिबंधक थरच लागतो. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीचा प्रश्न निराळा आहे. तिथे माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि पाया वर-खाली होतो, म्हणून घराभोवती रुंद, सलग कोबा आणि पाणी दूर सोडणारी पन्हळ यांवर भर द्यावा. पायाजवळ खडीचा चर काढला तर पाणी तिथेच मुरून एका बाजूची माती जास्त फुगण्याचा धोका असतो. सपाट जागेत पाण्याला वाट नसली की लोक शोषखड्डा सुचवतात. कोकणात जुलैमध्ये जमीन स्वतःच पाण्याने भरलेली असते, तेव्हा तो खड्डा काठोकाठ भरून उभा राहतो. आणि पाणी शेजाऱ्याच्या गडग्याशी सोडून आपला पाया वाचवणं हा तर उपायच नव्हे; वहाळापर्यंतची वाट दोघांनी मिळून काढावी.

दरडीच्या माथ्यावर आणखी एक आडवा चर काढला तर डोंगरावरून वाहत येणारं पाणी दरडीच्या तोंडावरून उतरण्याआधीच बाजूला वळतं. तो सिमेंटने किंवा दगडाने बांधलेलाच हवा. कच्चा चर पाणी दरडीच्या डोक्यातच मुरवतो आणि तिला जड करतो. माथ्यावर जमिनीला घराला समांतर भेग दिसली, झाडं घराकडे कलू लागली किंवा दरडीच्या पोटातून आधी नसलेला गढूळ झरा फुटला, तर हा पन्हळीचा किंवा खडीचा विषय राहिलेला नाही. मागच्या खोल्या लगेच रिकाम्या करून ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला कळवावं.